कपभर वरणात प्रथिने किती?

तुरीच्या कोरड्या डाळीत वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक प्रथिने असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत हा आकडा दर १०० ग्रॅम डाळीमागे २१.७ ग्रॅम दिला आहे. कोरड्या डाळीपुरते उत्तर इथेच मिळते. पण डाळ कोणी कोरडी खात नाही. ती शिजते, घोटली जाते, तिच्यात पाणी पडते, फोडणी बसते आणि मग ती कपात किंवा वाटीत येते. त्या कपात किती प्रथिने आहेत, याला एकच ठरलेले उत्तर नाही. एकाच डब्यातली डाळ एके दिवशी घट्ट वरण होते, दुसऱ्या दिवशी पातळ आमटी, आणि दोन्ही वेळा कप तोच असला तरी त्यातली प्रथिने दीडपट कमी-जास्त असू शकतात.

या फरकाचे कारण पाणी आहे. शिजताना डाळीचे वजन वाढते ते केवळ पाण्यामुळे, आणि पाण्यात प्रथिने नसतात. उकळताना वजन घटते तेही पाणी वाफ होऊन गेल्यामुळे. वाफेबरोबर प्रथिने जात नाहीत. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास पोचते. एवढ्या उष्णतेने प्रथिनांच्या रेणूंची घडी उलगडते, ती गोठतात आणि पचायला सोपी होतात, पण त्यांचे वजन भांड्यातच राहते. ‘कुकरात शिजवले की प्रथिने जळून जातात’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पाणी ओतून टाकले नाही, तर कोरड्या डाळीत जेवढी प्रथिने होती जवळजवळ तेवढीच शिजलेल्या भांड्यातही असतात. सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे. प्रथिने कोरड्या डाळीच्या वजनावरून मोजायची आणि मग भांड्यातला कितवा हिस्सा कपात आला एवढेच शोधायचे.

त्यासाठी तीन वजने लागतात. पहिले कोरड्या डाळीचे, दुसरे तयार झालेल्या पूर्ण वरणाचे, तिसरे कपातल्या वरणाचे. कपातल्या वरणाचे वजन पूर्ण वरणाच्या वजनाने भागले की हिस्सा मिळतो. त्या हिश्शाने कोरड्या डाळीचे वजन गुणले की कपात किती ग्रॅम कोरडी डाळ आहे ते कळते. त्याला ०.२१७ ने गुणले की प्रथिनांचे ग्रॅम हाती येतात. मधला टप्पा गाळून थेट प्रथिनांवर उडी मारता येते, पण तो गाळू नये. कपात अमुक ग्रॅम कोरडी डाळ आहे, हा आकडा डोळ्यांसमोर आणता येतो आणि तो चुकला असेल तर लगेच खटकतो.

चार माणसांच्या घरातली एका वेळची आमटी उदाहरण म्हणून घेता येईल. डब्यातून काढलेली कोरडी डाळ १५० ग्रॅम भरली. ती धुऊन कुकरच्या डब्यात ४५० ग्रॅम पाणी घालून शिजवली. शिजल्यावर वाफेत थोडे वजन गेले आणि डाळ-पाणी मिळून ५८० ग्रॅम उरले. ते घोटून पातेल्यात घेतले, त्यात आणखी २८० ग्रॅम पाणी घातले. फोडणीचे तेल, एक लहान टोमॅटो, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि मसाला मिळून साठेक ग्रॅमची भर पडली. एक चांगली उकळी आली तेव्हा वीसेक ग्रॅम पाणी उडाले. गॅस बंद केल्यावर पातेल्यासकट वजन १,५४० ग्रॅम आले. रिकामे पातेले आधीच वजन करून ठेवले होते, ते ६४० ग्रॅमचे. म्हणजे तयार आमटी ९०० ग्रॅम.

आता १५० ग्रॅम डाळीतली प्रथिने १५० गुणिले ०.२१७, म्हणजे साडेबत्तीस ग्रॅम. ही सगळी त्या ९०० ग्रॅम आमटीत पसरलेली आहेत. २४० मिलिलिटरचा कप भरून घेतला तेव्हा त्यातली आमटी २४६ ग्रॅम भरली. २४६ भागिले ९०० म्हणजे भांड्याचा पाव हिश्शाहून थोडा अधिक भाग. त्याने १५० ला गुणले की ४१ ग्रॅम येतात. कपभर आमटीत ४१ ग्रॅम कोरडी डाळ आहे आणि म्हणून प्रथिने ८.९ ग्रॅम. हीच आमटी १५० मिलिलिटरच्या वाटीत घेतली तर वाटीत सुमारे १५४ ग्रॅम आमटी बसते आणि प्रथिने ५.६ ग्रॅम मिळतात.

त्याच १५० ग्रॅम डाळीचे साधे घट्ट वरण केले, वरून पाणी जवळजवळ घातलेच नाही आणि तयार वरण ६०० ग्रॅम भरले, असे धरू. भांड्यातली प्रथिने तीच, साडेबत्तीस ग्रॅम. घट्ट वरणाचा कप साधारण २५० ग्रॅमचा होतो. २५० भागिले ६००, गुणिले १५० केले की कपात साडेबासष्ट ग्रॅम कोरडी डाळ येते. प्रथिने १३.६ ग्रॅम. दोन्ही कप काठोकाठ भरलेले, दोन्हींचे वजन जवळपास सारखे, आणि प्रथिनांत जवळजवळ पाच ग्रॅमचा फरक. कपावरून किंवा कपाच्या वजनावरून अंदाज बांधणारा माणूस इथे फसतो, कारण पातळ आमटी आणि घट्ट वरण तराजूला सारखेच दिसतात.

हा फरक एका आकड्यात पकडता येतो. तयार पदार्थाचे वजन कोरड्या डाळीच्या वजनाच्या किती पट झाले, तो हा आकडा. वरच्या वरणात तो चार आहे, आमटीत सहा. २१.७ ला या पटीने भागले की दर १०० ग्रॅम तयार पदार्थातली प्रथिने मिळतात. चार पट झालेल्या वरणात शंभर ग्रॅमला ५.४ ग्रॅम, सहा पट आमटीत ३.६ ग्रॅम, आणि आठ पट केलेल्या अगदी पातळ आमटीत २.७ ग्रॅम. ज्या घरात आमटी रोज साधारण एकाच पातळपणाची होते, तिथे दोन-तीन वेळा वजन करून ही पट एकदा ठरवली की पुढे रोज तराजू काढावा लागत नाही. कपातल्या आमटीचे वजन पटीने भागले की कोरडी डाळ, आणि कोरड्या डाळीवरून प्रथिने.

चूक ओळखण्यासाठीही पटीचा चांगला उपयोग होतो. तुरीची डाळ शिजून मऊ होताना स्वतःच इतके पाणी पिते की वरण म्हणण्याजोगा पदार्थ तिच्या अडीच-तीन पटीच्या आत राहत नाही. त्यामुळे हिशोबात शंभर ग्रॅम वरणाला नऊ-दहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने आली, तर कुठेतरी चूक आहे हे निश्चित समजावे. बहुतेक वेळा ती चूक एकच असते. कोरड्या डाळीचा आकडा शिजलेल्या डाळीला लावलेला असतो. दोनशे ग्रॅम वरण खाल्ले म्हणून ४३ ग्रॅम प्रथिने मिळाली, असा हिशोब लिहून ठेवणारे अनेक जण असतात. प्रत्यक्षात घट्ट वरणातून त्यांना अकरा ग्रॅमच्या आसपास मिळालेली असतात. डाळीच्या पाकिटावर दर १०० ग्रॅमला लिहिलेली प्रथिने पाकिटातल्या कोरड्या डाळीची असतात, शिजलेल्या डाळीची नव्हेत.

याच्या अगदी उलट चूक ‘शिजलेली तूर, एक कप’ अशी नोंद शोधून ती वरणाला लावण्यातून होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक कोशात शिजवलेल्या तुरीची अशी नोंद आहे. तिच्यात शंभर ग्रॅमला ६.८ ग्रॅम आणि एका कपाला ११.४ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. आहाराची नोंद ठेवणाऱ्या अनेक मोबाइल अॅपमध्ये हाच आकडा फिरताना दिसतो. पण त्या नोंदीतला कप १६८ ग्रॅमचा आहे, आणि ते वजनच काय मोजले आहे ते सांगते. २४० मिलिलिटरच्या कपात फक्त १६८ ग्रॅम बसतात, कारण ते सालासकट उकडलेले अख्खे दाणे आहेत आणि दाण्यांमध्ये हवेची पोकळी आहे. वरणात अशी पोकळी नसते, म्हणून तेवढाच कप वरणाने भरला तर तो अडीचशे ग्रॅमच्या घरात जातो. आमटीच्या कपाला ११.४ लावले तर वरच्या उदाहरणात अडीच ग्रॅम प्रथिने फुकट जमा होतात. घट्ट वरणाला लावले तर दोन ग्रॅम कमी पडतात. आणि कपाचे वजन २४६ ग्रॅम धरून त्याला ६.८ चा दर लावला, तर पातळ आमटीत साडेसोळा ग्रॅम प्रथिने दिसू लागतात, म्हणजे प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट. दोष त्या कोशाचा नाही. त्यात मोजलेला पदार्थ वेगळा आहे.

तक्त्यातली ओळ निवडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. अख्खी तूर आणि तूरडाळ यांच्या ओळी वेगळ्या असतात. भारतीय तक्त्यांत अख्ख्या तुरीची प्रथिने शंभर ग्रॅमला २०.५ ग्रॅमच्या आसपास आहेत, म्हणजे डाळीपेक्षा फार कमी नाहीत, पण तंतुमय भाग डाळीच्या दुपटीहून जास्त आहे. गिरणीत साल निघून गेल्याने डाळीत प्रथिनांचे प्रमाण थोडे वर येते. विदर्भात हिवाळ्यात ज्यांची भाजी आणि आमटी होते ते तुरीचे ओले सोले हा तर तिसराच प्रकार आहे. त्यांच्यात मुळातच भरपूर पाणी असते, आणि त्यांना कोरड्या डाळीचा आकडा कधीच लावता येत नाही.

२१.७ हा आकडा स्वतः किती पक्का आहे, हेही पाहायला हवे. तो ज्या डाळीवर काढला तिच्यात ९.२ टक्के पाणी होते. पावसाळ्यात उघड्या गोणीतल्या डाळीत ओल यापेक्षा जास्त असू शकते. तिच्यात १२ टक्के पाणी धरले तर प्रथिने २१ च्या आसपास उतरतात. भारतात त्याआधी अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्यांत तूरडाळीचा आकडा २२.३ होता. वाणानुसार, जमिनीनुसार आणि हंगामानुसारही त्यात एखाद-दोन ग्रॅमचा फरक पडतो. कपापर्यंत येताना हा फरक अगदी लहान होतो. वरच्या आमटीच्या कपात ४१ ग्रॅम डाळ होती. तिला २१ ने गुणा की २२.३ ने, उत्तर ८.६ आणि ९.१ यांच्या दरम्यानच राहते. तेव्हा पाकिटावर आकडा छापलेला असेल तर तो घ्यावा, नसेल तर २१.७ घ्यावा, आणि उत्तर ‘नऊ ग्रॅमच्या आसपास’ असे वाचावे. दशांश चिन्हानंतर दोन अंक लिहिण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत हा आकडा कसा काढतात, हे कळले की त्याची मर्यादाही कळते. प्रथिने थेट तोलली जात नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली धान्यातला नायट्रोजन मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचे आणि त्याला प्रथिने म्हणायचे, ही प्रथा तिच्यावर उभी राहिली आणि आजही चालू आहे. डाळींतल्या प्रथिनांत नायट्रोजनचा वाटा १६ टक्क्यांहून जास्त असतो, आणि थोडा नायट्रोजन प्रथिनांखेरीज इतर पदार्थांतूनही येतो. त्यामुळे ६.२५ ने गुणल्यावर डाळींची प्रथिने खऱ्यापेक्षा काहीशी जास्त दिसतात. तरी पाकिटावरचे आकडे, तक्त्यांतले आकडे आणि रोजच्या गरजेचे आकडे याच एका पद्धतीवर बेतलेले आहेत. घरच्या हिशोबात त्यांना हात लावू नये. फक्त उत्तराच्या दशांशावर फार विसंबू नये.

हिशोबात खऱ्या चुका होतात त्या आकड्यांत नव्हे, ओट्यावर. सर्वांत मोठी चूक डाळ भिजवल्यावर वजन करण्याची. अर्धा-पाऊण तास भिजलेल्या डाळीने बरेच पाणी पिऊन घेतलेले असते, आणि ते वजन कोरड्या डाळीचे म्हणून धरले तर प्रथिने एकदम फुगतात. वजन डब्यातून काढल्याबरोबर, धुण्याआधी करावे. धुताना पाण्याबरोबर डाळीचे थोडे पीठ आणि चुरा जातो, पण तो दुर्लक्ष करण्याइतका थोडा असतो. भिजवलेले पाणी मात्र टाकू नये, त्यातच डाळ शिजवावी. प्रथिनांचा थोडा विरघळणारा भाग त्या पाण्यात उतरतो, आणि ते ओतले तर ‘कोरड्या डाळीतले सगळे भांड्यात आहे’ हे गृहीतक थोडे ढिले पडते.

दुसरी अडचण रिकाम्या भांड्याच्या वजनाची. आमटी तयार झाल्यावर लक्षात येते की पातेले आधी तोललेच नव्हते. यात बिघडत काही नाही. भरलेल्या पातेल्याचे वजन लिहून ठेवावे, जेवणे झाल्यावर पातेले धुऊन, पुसून तोलावे आणि वजाबाकी तेव्हा करावी. कुकर मात्र आमटीसकट तोलू नये. तो स्वतःच दीड-दोन किलोचा असतो आणि घरगुती तराजूवर त्याचा तळ नीट बसत नाही. डाळ कुकरच्या आतल्या डब्यात शिजवून पातेल्यात काढली की काम सोपे होते. गरम पातेले काचेच्या तराजूवर थेट ठेवण्याऐवजी आधी तराजूवर जाड फडके घालून आकडा शून्यावर आणावा, मग पातेले ठेवावे.

पूर्ण वरणाचे वजन कधी करायचे, यालाही महत्त्व आहे. ते वाढण्याच्या आधी, शेवटचे पाणी पडून शेवटची उकळी येऊन गेल्यावर करावे. त्याआधी केले तर नंतर घातलेले पाणी हिशोबाबाहेर राहते आणि कपातली प्रथिने जास्त दिसतात. रात्री उरलेले वरण फ्रिजमध्ये ठेवले की सकाळी ते खरवसासारखे घट्ट झालेले असते. त्याचा अर्थ त्यातली प्रथिने वाढली असा नाही. पिष्टमय भाग थंड होऊन गोठल्यामुळे ते घट्ट दिसते, वजन तेवढेच असते. ते सैल करण्यासाठी पाणी घातले, की मग मात्र पट बदलते आणि उरलेल्या भागाचे वजन नव्याने करावे लागते.

तिसरी गोष्ट ढवळण्याची. घोटलेली डाळ एकजीव असते, पण अर्धवट घोटलेल्या किंवा दाणेदार आमटीत डाळ तळाशी बसते आणि वर पाणी राहते. वरून घेतलेला कप आणि तळातून घेतलेला कप तराजूला जवळपास सारखेच भरतील, पण त्यांतली डाळ सारखी नसेल. वजनाच्या हिशोबाला पूर्ण भांडे एकसारखे असणे आवश्यक आहे, म्हणून कप भरण्याआधी तळापासून ढवळावे. लहान बाळाला वरणाचे नुसते वरचे पाणी देण्याच्या पद्धतीत नेमके हेच घडते. प्रथिने मुख्यतः डाळीच्या गाळात असतात, ती खाली राहतात, आणि बाळाच्या वाटीत पाणी, मीठ आणि थोडी चव पोचते. पाण्याऐवजी घोटलेली डाळच मऊ करून दिली, तरच भांड्याचा हिशोब त्या वाटीला लागू पडतो.

आमटीत पडणाऱ्या इतर गोष्टींचे काय, हा प्रश्न राहतो. फोडणीचे तेल, गूळ, मीठ, चिंच यांतली प्रथिने मोजण्याजोगी नसतात, पण त्यांचे वजन तयार आमटीत आपोआप मोजले गेलेले असते आणि ते तसेच राहू द्यावे. एका टोमॅटोतून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात, ती सोडून दिली तरी चालते. शंभर ग्रॅम पालक घातला तर दोन ग्रॅम. दाण्याचा कूट मात्र सोडू नये. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेतेवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे वजनामागे तुरीच्या डाळीपेक्षाही जास्त. वीस ग्रॅम कुटातून पावणेपाच ग्रॅम मिळतात. अशा वेळी कुटाची प्रथिने डाळीच्या प्रथिनांत मिळवून भांड्याची बेरीज करावी, मग कपाचा हिस्सा काढावा. हीच रीत मिश्र डाळींना लागू आहे. तूर आणि मूग एकत्र शिजवले असतील तर दोन्हींचे कोरडे वजन वेगळे लिहावे, प्रत्येकाला तिचा आकडा लावावा आणि बेरीज करावी.

ज्या घरात तराजू नाही तिथे मापाच्या वाटीने हे काम जवळपास होते. १५० मिलिलिटरची वाटी कोरड्या तूरडाळीने सपाट भरली की तीत साधारण सव्वाशे ग्रॅम डाळ बसते, म्हणजे २७ ग्रॅम प्रथिने. तयार आमटी त्याच वाटीने मोजून काढावी. पाच वाट्या झाल्या तर प्रत्येक वाटीत ५.४ ग्रॅम, चार झाल्या तर पावणेसात. इथे वजनांऐवजी वाट्यांची संख्या वापरलेली असली तरी हिशोब तोच आहे, भांड्यातले सगळे भागिले वाट्या. वाटी शिगोशीग भरली, ठोकून भरली की सपाट, याने दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून एकदाच का होईना, वाण्याच्या तराजूवर ती वाटी तोलून घेतलेली बरी.

या आकड्यांना रोजच्या गरजेशेजारी ठेवले की त्यांचा आकार समजतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६५ किलोच्या पुरुषाला हे ५४ ग्रॅम होते, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅमच्या आसपास. वर मोजलेल्या आमटीची एक वाटी यातला दहावा-आठवा हिस्सा भागवते. घट्ट वरणाचा पूर्ण कप पुरुषाच्या गरजेचा पाव हिस्सा आणि स्त्रीच्या गरजेचा त्याहून थोडा अधिक भागवतो. उरलेले भात, पोळी, भाकरी, दूध, दही, अंडी, मासे यांतून यायचे असते. तुरीच्या प्रथिनांत लायसिन भरपूर आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, तर तांदूळ आणि गव्हात नेमके उलट असते. म्हणून वरण-भाताच्या ताटात एकाची उणीव दुसरे भरून काढते. कपातल्या ग्रॅमांच्या हिशोबात मात्र ही गुणवत्ता दिसत नाही, त्यात फक्त प्रमाण दिसते.

कपाकपाने केलेला हिशोब बरोबर आला की नाही, हे ताडून पाहण्याची एक वेगळी वाट आहे, आणि तिला स्वयंपाकघरातले एकही वजन लागत नाही. एक किलो डाळीच्या पिशवीत २१७ ग्रॅम प्रथिने असतात. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि ती संपेल तेव्हा दिवस मोजावेत. चार माणसांच्या घरात ती दहा दिवस पुरली, तर ती चाळीस माणूस-दिवसांत वाटली गेली. म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम कोरडी डाळ आणि ५.४ ग्रॅम प्रथिने. वरच्या उदाहरणाप्रमाणे रोज १५० ग्रॅम डाळ शिजत असेल, तर तीच पिशवी साडेसहा दिवसांतच संपायला हवी आणि माणशी आठ ग्रॅम पडायला हवेत. रोजच्या वाट्यांच्या नोंदीवरून माणशी आठ-नऊ ग्रॅम दिसत असतील आणि पिशवी मात्र दहा दिवस टिकत असेल, तर नोंदीतली वाटी खऱ्या वाटीपेक्षा मोठी धरली आहे किंवा आमटी वाटते त्यापेक्षा पातळ आहे. पिशवी नोंदीपेक्षा लवकर संपत असेल, तर उरलेले वरण टाकले जात आहे किंवा कोणाच्या तरी दुसऱ्या वाटीची नोंद राहून जात आहे. प्रत्येकाच्या वाट्याला नेमके किती आले हे पिशवी सांगत नाही, पण घराची एकूण बेरीज ती कपापेक्षा जास्त विश्वासाने सांगते.